एकानं गेला गा!

मल्टीभाऊ भंडाऱ्याच्या गांधी चौकात सापडेल, तुमसरच्या बाजारात सापडेल, साकोलीला हायवेच्या धाब्यावर तर्री-पोह्याची प्लेट पुढ्यात घेऊन बसलेलाही सापडेल. वय चाळिशी-पन्नाशीतलं, घरी दोन-अडीच एकर धान, एक मोटारसायकल, दोन मोबाईल. त्यातला एक मोबाईल बायकोला माहीत नाही, असं फक्त त्यालाच वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. त्याला कुठलीही गोष्ट एकटी आवडत नाही. लग्नाला निघाला की वाटेत एक साखरपुडा आणि एक तेरवी जोडतो. डॉक्टरकडे गुडघा दाखवायला जातो आणि दात, डोळे, मेव्हण्याची शुगर एकाच फीमध्ये उरकायला बघतो. किराणा दुकानात साबण घेतला की विचारतो, ‘याच्यावर काय भेटते?’

असा माणूस सट्ट्याच्या नादी लागला तर एका सामन्यावर एक बाजी लावून गप्प बसेल, हे शक्यच नाही. तो चिठ्ठी जोडतो. पाच सामने, पाच अंदाज, सगळे एकाच चिठ्ठीत. पाचही बरोबर आले तर भावांचा गुणाकार होऊन पैसे मिळतात, एक जरी चुकला तर सगळं पाणी. विलायतेत याला अक्युम्युलेटर म्हणतात, अमेरिकेत पार्ले. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ‘आयडी’ देणारी पोरं नुसतं ‘मल्टी’ म्हणतात. त्यावरूनच भाऊचं नाव पडलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, पण ते आता फक्त रेशन दुकानात चालतं.

मल्टीभाऊ रोज एकदा तरी उच्चारतो असं एक वाक्य आहे: ‘एकानं गेला गा!’ म्हणजे पाचातले चार बरोबर आले, एकानं घात केला. हे वाक्य तो ज्या दुःखानं म्हणतो, त्याच्या तळाशी एक अभिमान असतो. चार ओळखले की नाही? मग पाचवाही ओळखला असता, पण त्या कप्तानाला नाणं नीट उडवता येईना.

नाणंच म्हणतोय, कारण भाऊची खरी आवड टॉसवर आहे. सामन्यात खेळपट्टी असते, हवामान असतं, कोणाच्या मांडीचा स्नायू दुखत असतो. त्याचा विचार करावा लागतो. टॉसला काही नाही. भाऊच्या मते टॉस हा सगळ्यात स्वच्छ धंदा आहे, आणि हिशेब समजून घ्यायचा तर तो खरोखरच स्वच्छ आहे. नाणं दोनच बाजूंनी पडतं. शंभर रुपये लावले तर जिंकल्यावर शंभर नफा मिळायला हवा, म्हणजे आपले धरून दोनशे. पण धरा, खाईवालाचा भाव नव्वद पैसे आहे. शंभरावर नव्वद नफा, हातात एकशे नव्वद. हा भाव दोन्ही बाजूंना सारखाच. एकानं या बाजूला शंभर लावले, दुसऱ्यानं त्या बाजूला शंभर लावले, की खाईवालाच्या गल्ल्यात दोनशे येतात आणि नाणं कसंही पडलं तरी एकशे नव्वद जातात. दहा रुपये राहतात. दोनशेवर दहा, म्हणजे शंभराला पाच. त्याला क्रिकेटमधलं काही कळायची गरज नाही. टॉसच्या वेळी तो झोपला असला तरी चालतो.

मल्टीभाऊला हे पाच रुपये मान्य आहेत. ‘त्यालेबी पोट आहे गा,’ असं तो मोठ्या मनानं म्हणतो. त्याला मान्य नसते ती एकच गोष्ट: शंभराचे एकशे नव्वद. एवढ्यासाठी कोण रात्री जागतं? म्हणून तो पाच टॉस जोडतो. एक पूर्णांक नऊ दशांशला स्वतःनंच पाच वेळा गुणलं की २४.७६ येतात. शंभराचे दोन हजार चारशे शहात्तर! हा आकडा मोबाईलवर हिरव्या रंगात येतो. भाऊ तो बोटानं मोठा करून बघतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि मग चहा सांगतो. त्या चहाचे पैसे हिरव्या आकड्यातून द्यायचे ठरलेले असतात, म्हणून तो उधार असतो.

त्या चहाच्या टपरीशेजारी एका माणसाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तरुणपणी तो सट्टापट्टी लिहायचा. गिऱ्हाइकांकडून आकडे घ्यायचे, चिठ्ठी फाडायची, संध्याकाळी गल्ला वरच्या खाईवालाकडे पोचवायचा. दोन वेळा पोलिसांनी उचलला. ‘लगवाडी-खायवाडी करताना’ अशी पेपरात बातमी आली, त्यात नाव चुकीचं छापलं, याचा त्याला अजून राग आहे. धंदा सोडला तरी हिशेब सुटलेला नाही. त्यानं एकदा भाऊचा हिरवा आकडा बघितला आणि झेरॉक्सचा एक खराब निघालेला कागद उलटा करून त्यावर लिहिलं: ३२.

‘हे काय होय?’ भाऊनं विचारलं.

‘पाच टॉस लागोपाठ तुझ्या मनासारखे पडाचे, तर बत्तीस वेळांत एकदा पडतात. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. सरळ माणूस असता तर तुले शंभराचे बत्तीसशे देल्ले असते. हा देते चोवीसशे शहात्तर. सातशे चोवीस कुठं गेले, सांग.’

भाऊनं कागद उलटून पालटून पाहिला. पुढच्या बाजूला कुणाचा तरी सातबारा होता.

‘एका टॉसवर तो शंभरातले पाच खाते,’ झेरॉक्सवाला म्हणाला, ‘पाच जोडले तं साडेबावीस खाते. तू त्याचं काम सोपं करून रायला.’

हे भाऊला पटेना. पाच पाचे पंचवीस झाले असते तर निदान पाढ्यातलं वाटलं असतं. हे साडेबावीस कुठून आले? तेव्हा झेरॉक्सवाल्यानं धानाचं उदाहरण दिलं, कारण या जिल्ह्यात दुसऱ्या कशानं काही पटत नाही. शंभर किलो धान पाच हातांतून जायचं आहे आणि प्रत्येक मापारी समोर आलेल्यातलं शंभराला पाच ‘घट’ म्हणून काढून घेतो. पहिल्यानंतर पंच्याण्णव उरलं. दुसऱ्यानं पंच्याण्णवचे पाच टक्के घेतले, सव्वानव्वद राहिलं. असं करत पाचव्या मापाऱ्याच्या पुढे सत्त्याहत्तर किलो आणि वर चिमूटभर. दहा मापारी असतील तर साठ किलोही पुरतं पोचणार नाही. धानाच्या बाबतीत हे झालं तर मल्टीभाऊ बाजार समितीसमोर ट्रॅक्टर आडवा लावील. मोबाईलवर झालं तर स्वतःच म्हणतो, आणखी एक मापारी जोड.

इथे एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. मल्टीत वेगळं विष कालवलेलं नसतं. भाऊनं पहिल्या टॉसवर शंभर लावले, आलेले एकशे नव्वद पूर्ण दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर असे स्वतःच्या हातानं फिरवले असते तरी घट तेवढीच झाली असती. फरक मधल्या वेळेचा आहे. स्वतःच्या हातानं फिरवणारा माणूस तिसऱ्या टॉसला सहाशे पंच्याऐंशी रुपये हातात आल्यावर थांबतो. त्याला युरिया आठवतो, पोराची फी आठवते, निदान बायकोचा फोन तरी येतो. मल्टीत हा थांबा काढून टाकलेला आहे. सगळी रक्कम प्रत्येक टप्प्यावर पुन्हा डावावर जाणार, हे आधीच सही करून दिलेलं असतं. शंभर रुपये लावणाऱ्या गिऱ्हाइकाकडून सरासरी साडेचारशे रुपयांच्या उलाढालीवरची घट एका चिठ्ठीत वसूल करायची सोय, म्हणजे मल्टी.

आता ‘एकानं गेला’ या वाक्याकडे वळू, कारण भाऊचा सगळा संसार त्यावर उभा आहे. पाच टॉसच्या बत्तीस शक्यता असतात. पाचही बरोबर, अशी एक. नेमका एकच चुकलेला, अशा पाच, कारण चुकणारा पहिला असू शकतो, दुसरा असू शकतो, असे पाच जण रांगेत उभे आहेत. म्हणजे जिंकण्याच्या पाचपट वेळा भाऊ ‘एकानं’ हरणार. ही त्याची साडेसाती नाही, नजरही लागलेली नाही. घरच्या म्हसोबाला त्यानं यासाठी कबूल केलेला कोंबडा सुखानं फिरायला हरकत नाही.

बरं, भाऊनं शहाणपण करून टॉस सोडला आणि ‘पक्के’ सामने धरले, तरी तेच. पक्का म्हणजे ज्याचा भाव वीस पैसे आहे, शंभराचे एकशे वीस. असा सामना पाचातल्या जवळपास चार वेळा खरा ठरतो, म्हणून तर भाव एवढा कमी. भाऊ असे सहा पक्के जोडतो आणि शंभराचे तीनशेला दोन-एक रुपये कमी असा भाव बघून खूश होतो. सहा पक्के एकत्र खरे ठरण्याचा योग मात्र चार वेळांत एकदाच येतो. आणि नेमका एकच घसरण्याचा योग शंभरात एकोणचाळीस वेळा. सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट तीच. आयडीमागच्या कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. थोडक्यात हुकलेला माणूस हरला असं समजत नाही, तो शिकतोय असं समजतो. दुसऱ्या दिवशी तो परत येतो, आणि या वेळी चुकलेल्या संघाला धडा शिकवायचं ठरवून येतो.

मल्टीभाऊचा बाप जुन्या सट्टापट्टीतला. भाऊची जोडायची खोड तिथून आलेली आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा चालायचा, तो बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं वरळीला मटका सुरू केला. पुढे रतन खत्रीनं तो देशभर नेला. २०२० मध्ये खत्री वारला, तेव्हा आपण कधी आकडा लावला नाही असं सांगणाऱ्या बऱ्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली. खेळ असा: तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन. तसंच पुन्हा करून क्लोज. नुसत्या एका आकड्यावर एकाला नऊ मिळायचे, खरं तर दहा हवेत. ओपन-क्लोज मिळून जोडी, तिला नव्वद, हवेत शंभर. इथवर खाईवाल शंभरात दहा खातो, आणि जोडीत गंमत अशी की तेवढेच खातो, जास्त नाही.

पण बापाला जोडीत रस उरला नव्हता. तो संगम लावायचा. ओपनची तिन्ही पत्त्यांची पट्टी आणि क्लोजची तिन्ही पत्त्यांची पट्टी, दोन्ही नेमक्या. त्याला एकाला दहा हजार! रुपयाचे दहा हजार म्हटल्यावर माणूस मापाऱ्याकडे बघेल कशाला?

झेरॉक्सवाल्यानं दुसरा खराब कागद घेतला. प्रत्येक पत्ता शून्य ते नऊपैकी काहीही निघू शकतो असं धरलं, तर तीन वेगळ्या आकड्यांची एक पट्टी हजारात सहा वेळा निघते. तिला बाजारात साधारण एकशे चाळीस द्यायचे. शंभरातले सोळा खाईवालाचे. आता बापानं संगमऐवजी आधी ओपन पट्टीवर रुपया लावला असता आणि लागल्यावर मिळालेले एकशे चाळीस क्लोज पट्टीवर टाकले असते, तर त्याच खाईवालानं त्याला एकोणीस हजार सहाशे मोजले असते. संगम लावल्यावर दहा हजार. पत्ते तेच, संध्याकाळ तीच, पैसे निम्मे. दोन नेमक्या पट्ट्या एका दिवशी येण्याचा योग सत्तावीस हजारांहून जास्त वेळांत एकदा. म्हणजे संगमच्या शंभर रुपयांतले चौसष्ट खाईवाल ठेवायचा.

‘मोबाईलवाला निदान गुणाकार तरी खरा करते,’ झेरॉक्सवाला म्हणाला. ‘आमच्या शेठनं तोबी गोल केला होता. दहा हजार! ऐकाले कसं भारी वाटते.’

‘तू तवा माया बापाले काऊन नाही सांगतलं?’

‘मले कमिशन होतं गा.’

संगमची चिठ्ठी लिहिताना शेठ खूश असायचा, साध्या आकड्याला मान वर करत नसे, हेही त्यानं सांगितलं. मोबाईलवाल्या कंपन्यांचं वागणं वेगळं नाही, फक्त त्यांच्याकडे शेठच्या भुवईऐवजी रंगीत पट्टी आहे. ‘पाच जोडा, नफ्यावर दहा टक्के जादा!’ भाऊला ही पट्टी सणासारखी वाटते. तिचाही हिशेब कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात बसला. पाच टॉसचा नफा दोन हजार तीनशे शहात्तर, त्यावर दहा टक्के म्हणजे दोनशे सदतीस रुपये साठ पैसे. एकूण हातात दोन हजार सातशे तेरा. हवेत बत्तीसशे. शंभरातले साडेबावीस खाणारा आता पंधरा खातो आणि आपण दिलं म्हणून सांगतो. एकेरी टॉसवर तो पाचच खात होता, पण एकेरी टॉसला कोणी रंगीत पट्टी लावत नाही. जिथे उरवायला आहे तिथूनच वाटता येतं.

हे फक्त आपल्याकडच्या चोरट्या आयडीचं आहे असं नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यात हा धंदा कायदेशीर आहे आणि तिथलं सरकारी नियंत्रण मंडळ हिशेब छापतं. त्यात वर्षानुवर्षं हेच दिसतं. फुटबॉलच्या एकूण बाज्यांवर दुकानदाराला शंभरात पाच-सहा उरतात आणि जोडलेल्या पार्ले कार्डांवर तीसच्या आसपास. तुम्ही दुकानदार असता तर जाहिरात कशाची केली असती?

चिठ्ठी अर्धी जिंकली की आणखी एक बटण उगवतं. चार टॉस बरोबर आले, पाचवा उद्या आहे, आणि मोबाईल म्हणतो: आत्ताच साडेअकराशे घ्या आणि सुटा. भाऊच्या हाताला घाम फुटतो. चिठ्ठी चोवीसशे शहात्तरची, उरलेलं नाणं निम्मं-निम्मं, म्हणजे तिची आत्ताची खरी किंमत बाराशे अडतीस. पाचही मापाऱ्यांची घट त्या किमतीत आलेलीच आहे, आणि दारातून बाहेर पडताना आणखी एक उभाच आहे. भाऊनं अर्थात कधी ते बटण दाबलेलं नाही. सोडून देणं हे तर त्याच्या स्वभावात नाही. त्या दिवसात तो सहावा जोडता येतो का तेच शोधत असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँकेतले व्यवहार सगळेच कायद्यानं बंद केले. मटका तर १८८७ च्या कायद्यानं आधीपासूनच बंद आहे. मल्टीभाऊनं दोन्ही बातम्या सारख्याच शांतपणे घेतल्या. आयडी देणाऱ्या पोरानं नंबर बदलला, ग्रुपचं नाव ‘हरिपाठ मंडळ’ केलं, एवढंच.

त्यानंतर एक आक्रीत घडलं. भाऊची चार टॉसची चिठ्ठी लागली. शंभराचे तेराशे तीन. खरे हवेत सोळाशे, पण त्या संध्याकाळी हे सांगायची झेरॉक्सवाल्याचीही छाती झाली नाही. पोरानं भाऊचा फोटो मागवला, त्यावर झेंडूचा हार आणि ‘१००चे १३०३’ असं सोनेरी अक्षरात टाकून हरिपाठ मंडळात लावला. आठवड्याभरात ग्रुपमध्ये मोहाडी, लाखनी, पवनीची पोरं आली. त्या फोटोच्या आधी भाऊच्या किती चिठ्ठ्या गेल्या याचा फोटो कोणी काढला नव्हता.

पोरगं कृतज्ञ निघालं. त्यानं भाऊच्या खात्यात पाचशे रुपये बोनस टाकला. खाली बारीक अक्षरात अट होती: हा बोनस एकेरी बाजीवर चालणार नाही, किमान तीन सामने जोडलेले हवेत, प्रत्येकाचा भाव किमान पन्नास पैसे, आणि जिंकल्यास बोनसची मूळ रक्कम परत मिळणार नाही.

झेरॉक्सवाल्यानं चष्मा लावून ती अट दोनदा वाचली आणि मोबाईल भाऊच्या हातात दिला. भाऊनंही वाचली. त्याचा चेहरा उजळला.

‘पाह्य गा,’ तो म्हणाला, ‘कंपनीलेबी माहीत आहे, आपुन एकेरी खेळत नाही.’